घोरतात ते, नोंद माझ्या नावावर: घड्याळाचं किती खरं मानायचं?

*प्रश्न: आम्ही ठाण्याला, कासारवडवलीत राहतो. माझे मिस्टर ४८ वर्षांचे, रात्रभर घोरतात. त्यांच्या हातात ॲपल वॉच सिरीज १० असतं. त्यात Breathing Disturbances समोर रोज Not Elevated येतं, झोपेत श्वास अडण्याचं, म्हणजे ॲप्नियाचं, नोटिफिकेशन दोन महिन्यांत एकदाही आलं नाही. घोरण्याचा आवाज पकडावा म्हणून Noise चा अलर्ट ८० वर ठेवला, तर तोही कधी वाजला नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र लगेच वाजला. आणि कहर म्हणजे माझं सॅमसंगचं घड्याळ आणि फोन रोज सकाळी सांगतात की मीच दीड-दोन तास घोरले! खरं कुणाचं मानायचं? घड्याळ ठीक म्हणतंय तर डॉक्टरकडे जायलाच हवं का?*

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो: हो, जायला हवं. मिस्टरांच्या घड्याळाने दोन महिने काही म्हटलं नाही, एवढ्यावर ते थांबवू नका. आणि तुमच्या नावावर जमा झालेलं घोरणं बहुतेक त्यांचंच आहे. ‘बहुतेक’ का म्हणतो, ते पुढे येईल.

मी झोपेच्या तपासणीत काम करतो. रात्री पेशंटला तारा, पट्टे आणि नाकातली नळी लावायची आणि सकाळी रेकॉर्डिंग वाचून श्वास कुठे अडला ते मोजायचं, हे माझं काम. हल्ली निम्मे पेशंट येताना घड्याळाचा आलेख दाखवतात. त्यात बहुतेकांचा एकच गोंधळ असतो आणि तो तुमच्या प्रश्नातही आहे. तुमच्या घरात या क्षणी तीन वेगवेगळी मोजमापं चालू आहेत आणि तुम्ही तिघांकडून एकाच प्रश्नाचं उत्तर मागताय. तुमच्या फोनचा माइक खोलीतला घोरण्यासारखा आवाज ऐकतो. मिस्टरांचं घड्याळ मनगटाची बारीक हालचाल मोजतं. आणि Noise हे कानांना इजा होईल इतका आवाज आहे का, एवढंच पाहतं. श्वास नाकातून आत जातोय की नाही, हे तिघांपैकी कुणीही मोजत नाही.

सगळ्यात सोप्यापासून सुरुवात करू, म्हणजे Noise पासून. हा अलर्ट श्रवणशक्ती जपण्यासाठी आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत कान सहन करतात आणि त्यापुढे आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, या हिशेबावर तो बेतलेला आहे. म्हणून त्यात ८० च्या खालची मर्यादा निवडताच येत नाही. शिवाय तो एका क्षणाचा आवाज बघत नाही, ३ मिनिटांची सरासरी बघतो. मिरवणुकीत ढोल-ताशा तीन मिनिटं अखंड चालतो, त्यामुळे तिथे तो वाजणारच. तिथे त्याने त्याचं काम चोख केलं.

आता घोरण्याचा कच्चा हिशेब मांडून बघा. मिस्टर चांगलं दणदणीत घोरतात आणि घड्याळापाशी प्रत्येक घोर ७० डेसिबलचा आहे असं धरू. घोरणं बहुतेकदा श्वास आत घेताना होतं. म्हणजे चार सेकंदांच्या एका श्वासात जेमतेम दीड सेकंद आवाज आणि बाकी शांतता. सरासरी उतरते ६६ च्या आसपास. आता समजा त्यांना ॲप्निया आहे: वीस सेकंद घोरणं, मग तीस सेकंद श्वास बंद आणि पूर्ण शांतता, मग पुन्हा घोरणं. तीन मिनिटांची सरासरी आणखी उतरून ६२ वर येते. श्वास जितका जास्त वेळ अडेल तितकी या मोजमापात खोली शांत दिसते. त्यात घोरण्यातला बराचसा आवाज खर्जातला असतो आणि डेसिबलची ही पद्धत माणसाच्या कानाप्रमाणे खर्जाला कमी वजन देते. हात पांघरुणाखाली असला तर उरलेलाही आवाज दबतो. (रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या नियमाने बघितलं तर आपल्याकडच्या कितीतरी बेडरूमवर गुन्हा दाखल होईल. पण घड्याळाला त्या नियमाशी देणंघेणं नाही.) तेव्हा Noise चा अलर्ट दिवसासाठी राहू द्या, घोरण्याच्या चौकशीतून तो वगळा.

आता तुमच्यावर आलेला आळ. सॅमसंगच्या व्यवस्थेत घोरणं घड्याळ ऐकत नाही, फोन ऐकतो. तुम्ही झोपलात असं घड्याळाला वाटलं की उशाशी ठेवलेल्या फोनचा माइक घोरण्याचा आवाज शोधत राहतो आणि सापडलेली मिनिटं तुमच्या झोपेच्या अहवालात लिहितो. आवाज पलंगाच्या कुठल्या बाजूने आला, हे त्या माइकला कळायला मार्ग नाही. फोन तुमचा, घड्याळ तुमचं, म्हणून घोरणंही तुमचं. यात आणखी एक मेख आहे. ही घड्याळं झोप ओळखतात ती मुख्यतः हालचाल आणि नाडीवरून. डोळे उघडे ठेवून निपचित पडलेल्या माणसाला ती सहज ‘झोपलेला’ धरतात. म्हणजे मिस्टरांच्या घोरण्याने तुम्ही जाग्या राहून छताकडे बघत असाल, तर तो वेळही तुमची झोप म्हणून आणि ते घोरणंही तुमचं म्हणून लिहिलं जाऊ शकतं. यावरून घरात वाद झाला असेल तर तो मिटवायला हरकत नाही.

पण पूर्ण निर्दोष ठरवण्याआधी एक काम करा. सॅमसंगच्या ॲपमध्ये घोरण्याचा आवाज साठवून ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. मग दोन-तीन रात्री तुम्ही किंवा मिस्टर हॉलमध्ये झोपा, मधलं दार बंद ठेवा आणि फोन तुमच्यापाशीच राहू द्या. फोन उशीखाली किंवा गादीवर नको, बाजूच्या टेबलावर हाताच्या अंतरावर ठेवा, माइकचं तोंड तुमच्याकडे आणि चार्जिंगला लावलेला. घोडबंदर रोडच्या बाजूची खिडकी बंद ठेवा. रात्रभर जाणारे अवजड ट्रक, जुना एसी, कुरकुरणारा पंखा यांचे तुकडेही कधीकधी घोरणं म्हणून साठतात, म्हणून मिनिटांचा आकडा बघून थांबू नका, आवाज स्वतः ऐका. एकट्या झोपलेल्या रात्री अहवाल शून्यावर आला तर प्रश्न मिटला. तरीही वीस-पंचवीस मिनिटं घोरणं निघालं आणि ऐकल्यावर ते तुमचंच वाटलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर बायकांमध्ये ॲप्नियाचं प्रमाण वाढतं. पुष्कळदा त्यांच्यात जोरदार घोरणं नसतं. झोप मोडणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असतं. त्याचं खापर घरकामावर किंवा वयावर फोडलं जातं.

आता मुख्य मुद्दा, मिस्टरांचं Not Elevated. यावर सविस्तर लिहितो, कारण माणसं फसतात ती इथे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलने ही सोय आणली. त्यामागची कल्पना हुशारीची आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छातीची हालचाल सूक्ष्म रूपात मनगटापर्यंत पोचते. घड्याळातला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर, ती लय टिपतो. श्वास अडला, माणूस धडपडला आणि पुन्हा श्वास सुरू झाला की ती लय तुटते. अशा तुटण्यांवरून रात्रीचा एक अंदाज निघतो, तोच तुम्हाला Breathing Disturbances म्हणून दिसतो. यात ना माइक आहे ना रक्तातला ऑक्सिजन. म्हणजे मिस्टर किती घोरतात, याचा या आकड्याशी थेट संबंधच नाही. साधं घोरणं, ज्यात श्वास अडत नाही, कितीही मोठं असलं तरी तिथे ‘ठीक’च दिसेल आणि ते बरोबरच आहे.

एका रात्रीच्या आकड्यावरून घड्याळ कधीच इशारा देत नाही. ते ३० दिवसांचा गठ्ठा तपासतं आणि त्या काळात किमान १० रात्रींची नोंद असेल तरच निष्कर्ष काढतं. म्हणून पहिली गोष्ट, मिस्टरांच्या आयफोनवर Health ॲपमध्ये Respiratory खाली जाऊन Breathing Disturbances चा महिन्याचा आलेख उघडा आणि त्यात किती रात्री भरल्यात ते मोजा. रात्री घड्याळ चार्जिंगला लावायची सवय असलेल्यांच्या आलेखात चार-पाचच ठिपके असतात. तेवढ्यावर घड्याळ गप्पच राहणार. हे गप्प राहणं आणि तपासून ‘काही सापडलं नाही’ म्हणणं, दोन्ही पडद्यावर सारखंच दिसतं. नोटिफिकेशन सुरू करताना वय आणि आधीचं निदान विचारणारी जी पानं येतात ती पूर्ण केलीत का, हेही बघा. ती अर्धवट राहिली असतील तर इशारा यायचा प्रश्नच नाही.

समजा नोंद पुरेशी आहे. तरी मर्यादा राहतेच आणि ती ॲपलने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या चाचणीच्या आकड्यांत दिसते. मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६६ जणांना इशारा मिळाला, ३४ जण सुटले. तीव्र असलेल्यांपैकी १० पैकी जवळजवळ ९ सापडले, पण मध्यम असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी. सौम्य ॲप्निया पकडण्याचा तर त्याचा दावाच नाही. उलट बाजूला, ज्यांना मध्यम किंवा तीव्र ॲप्निया नाही अशा १०० जणांपैकी फक्त एक-दोघांना चुकून इशारा मिळाला.

हे असं मुद्दाम केलंय आणि माझ्या मते योग्यच केलंय. कोट्यवधी मनगटांवरचं यंत्र थोडंसं जरी उतावीळ असतं, तरी धडधाकट माणसांच्या रांगा आमच्या दारात लागल्या असत्या. म्हणून त्याला खात्री पटल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकवलंय. याचा अर्थ घरी असा घ्यायचा: इशारा आला तर तो गंभीरपणे घ्या, बहुधा खरा असतो. इशारा आला नाही तर त्यावरून जवळपास काहीच ठरत नाही, विशेषतः लक्षणं असलेल्या माणसाच्या बाबतीत.

‘विशेषतः’ का, ते हिशेबाने बघू. मिस्टरांसारखी १०० माणसं घ्या: पन्नाशीकडे झुकलेली, रोज जोरात घोरणारी, पोट सुटलेलं, कॉलर १७ इंचांची, दुपारी पेंगणारी, कदाचित बीपीची गोळी चालू. त्यातल्या निम्म्यांना मध्यम किंवा तीव्र ॲप्निया आहे असं धरू. त्या ५० पैकी ३३ जणांना घड्याळ सांगेल, १७ जणांना नाही. उरलेल्या ५० पैकी एखाद्याला चुकून सांगेल, ४९ जणांना नाही. म्हणजे ज्यांना इशारा आलाच नाही अशी ६६ माणसं, त्यातल्या १७ जणांना आजार आहे. चारात एक. चारात एक शक्यता असताना कुठलाही डॉक्टर ‘घरी जा, काही नाही’ म्हणणार नाही. हेच गणित पंचविशीतल्या, न घोरणाऱ्या, ताज्यातवान्या मुलाचं केलं तर इशारा न येणं खरंच दिलासा देणारं ठरतं.

एक केस सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. वाशीला एपीएमसीत काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ. पहाटे तीनला उठून मार्केटला, दुपारी घरी दोन तास झोप, रात्री पुन्हा साडेआठला आडवे. बायकोच्या आग्रहाने आले आणि आल्या आल्या घड्याळ दाखवलं: सगळ्या रात्री ठीक. त्यांची घरची तपासणी केली. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर आणि कुशीवर की पाठीवर हे टिपणारा सेन्सर. रेकॉर्डिंगची साडेसहा तासांची रात्र मिळाली.

त्यात १४८ वेळा श्वास अडला किंवा निम्म्यावर आला होता. दहा सेकंद किंवा जास्त टिकलेला अडथळाच आम्ही मोजतो. साडेसहा तासांनी भागलं की ताशी २३ निघतात. ५ च्या खाली सर्वसाधारण, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यावर तीव्र. म्हणजे हे भरभक्कम मध्यम. ऑक्सिजन एकदा ८१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. पण खरी गोष्ट स्थितीच्या रकान्यात होती. पाठीवर असतानाच्या सुमारे पावणेतीन तासांत ताशी ४१ आणि कुशीवरच्या पावणेचार तासांत ताशी ९. पाठीवर ते तीव्र आजाराचे पेशंट होते आणि कुशीवर सौम्य.

मग घड्याळ का चुकलं? एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही, पण आलेख आणि दिनक्रम समोर ठेवल्यावर बरंच कळलं. त्यांच्या घरी गणपतीनंतर पलंग बदलला होता आणि नव्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून ते कुशीवर झोपायला लागले होते. त्या दिवसांत आलेख खाली होता. दुपारची झोप, जी ते आरामखुर्चीत पाठीवर रेलून घेत, तिच्या वेळी घड्याळ चार्जिंगला. श्वास सगळ्यात जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, जी रात्रीच्या शेवटच्या तासांत दाटते. यांना तीनलाच उठायचं असल्यामुळे तिचा मोठा भाग त्यांच्या रात्रीतून कापलाच जात होता. बरं, पट्टाही सैल होता. मनगटावर घड्याळ फिरत राहिलं की श्वासाची बारीक लय त्या फिरण्यात हरवते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा खाली ओढणारी. आणि मध्यम गटात घड्याळ निम्म्याहून अधिक जणांना तसंही सोडतंच.

उलटंही घडतं. शनिवारी मित्रांबरोबर बसणं झालं की दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि त्या रात्रीचा ठिपका वर उडी मारतो. सर्दीत, झोपेच्या काही गोळ्यांनी तसंच होतं. म्हणून एका उंच ठिपक्यावरून घाबरून रात्री दीड वाजता हॉस्पिटल गाठायचं कारण नाही. पण दर शनिवारी ठिपका वर जात असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. आलेखावर त्या त्या रात्रीसमोर काय घडलं ते वहीत लिहून ठेवा.

सॅमसंगची ॲप्नियाची तपासणी वेगळ्या वाटेने जाते, हे तुमच्यासाठी सांगतो. तिथे मनगटावरून रक्तातला ऑक्सिजन बघतात. १० दिवसांत दोन रात्री, प्रत्येकी चार तासांहून जास्त झोप, एवढ्यावर ते निकाल देतं. ऑक्सिजन वारंवार खाली-वर होत असेल तर ही पद्धत पकडते. पण काहींच्या बाबतीत, विशेषतः सडपातळ माणसांत आणि बायकांत, श्वास अडला की ऑक्सिजन उतरायच्या आतच मेंदू जागा होतो. झोपेची चाळण होते आणि ऑक्सिजनची रेघ मात्र सरळ. शिवाय दोनच रात्री, त्याही कुशीवर गेल्या तर झालंच.

आणि घोरण्याच्या मिनिटांवरून ॲप्निया ठरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एका प्रकारच्या ॲप्नियात घसा बंदच होत नाही, मेंदूकडून श्वासाचा आदेशच काही काळ येत नाही. त्याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात. हृदय कमजोर झालेल्यांत, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांत किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं घेणाऱ्यांत तो दिसतो. त्यात घोरणं जवळपास नसू शकतं. माइकच्या दृष्टीने ही आदर्श रात्र असते.

आता तुम्ही काय करायचं. घड्याळापेक्षा चांगला सेन्सर तुमच्या घरात आहे, तो म्हणजे तुम्ही. एक-दोन रात्री पहाटे चार ते सहाच्या मध्ये उठा, मिस्टर पाठीवर असतील तेव्हा मंद दिवा लावा आणि छाती व पोट दिसेल असा फोनवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. आवाज आहे तोपर्यंत बघण्यासारखं फार नसतं. आवाज थांबतो तेव्हा बघा. छाती-पोट हलतंय, कधीकधी तर छाती आत आणि पोट बाहेर असं उलटसुलट, पण नाकातोंडातून आवाज नाही. मग दहा, पंधरा, वीस सेकंदांनी घशातून मोठा घुर्र आवाज, अंगाला झटका आणि पुन्हा घोरणं. हे दिसलं तर घसा बंद होतोय. छाती-पोटही थांबलेलं असेल तर तेही तसंच सांगा, त्याचा अर्थ वेगळा निघतो. हा एक व्हिडिओ मला दोन महिन्यांच्या घोरण्याच्या मिनिटांपेक्षा जास्त सांगतो.

त्याबरोबर साध्या गोष्टींची नोंद करा: सकाळी डोकं जड असतं का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, बीपी आहे का आणि गोळ्या घेऊनही ते वर राहतं का, गळ्याचा घेर किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालवताना डुलकी. ते गाडीने कामाला जात असतील आणि माजिवड्याच्या सिग्नलला किंवा ईस्टर्न एक्सप्रेसवर कधी डोळा लागला असेल, तर वर सांगितलेलं काहीही करत बसू नका. तपासणी होईपर्यंत गाडी त्यांच्या हातात नको आणि अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.

छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, पण झोपेची तपासणी जे नियमित करतात त्यांच्याकडे. ठाण्यात आणि वाशी-नेरुळ भागात मोठ्या हॉस्पिटलांत ही सोय आहे आणि बऱ्याच ठिकाणी यंत्र घरीही पाठवतात. मिस्टरांसारख्या माणसाला, दुसरा मोठा आजार नसेल तर, घरची तपासणी सहसा पुरते. तिलाही मर्यादा आहे. घरच्या यंत्रात मेंदूच्या लहरी नसतात, त्यामुळे झोप नक्की किती लागली ते कळत नाही आणि भागाकार रेकॉर्डिंगच्या पूर्ण वेळेने होतो. माणूस दोन तास जागाच पडून असेल तर ताशी आकडा कमी दिसतो. म्हणून लक्षणं ठळक असूनही घरची तपासणी ठीक आली, तर लॅबमध्ये एक रात्र काढायला सांगतात. ते पैसे उकळणं नव्हे. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर सरळ लॅबच.

रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी विचारा. रेकॉर्डिंग माणसाने वाचलंय की यंत्राने आपोआप काढलेला आकडा आहे? आणि पाठीवरचा व कुशीवरचा आकडा वेगळा दिलाय का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उपचार बदलू शकतो. एपीएमसीच्या गृहस्थांना वजन उतरवायला सांगितलं आणि कुशीवर झोपण्याचा पट्टा दिला. पण दुपारी खुर्चीतली झोप सुटेना, म्हणून शेवटी सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र लावावं लागलं. घड्याळाचा आलेख किंवा फोनवरच्या घोरण्याच्या मिनिटांवरून कुणी विक्रेता थेट सीपॅप विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दाब किती ठेवायचा आणि मुळात तो लागतो का, हे तपासणीशिवाय ठरत नाही.

निदान झालं आणि सीपॅप सुरू झालं, तर मिस्टरांच्या घड्याळातली ॲप्नियाची सूचना बंद करून टाका. ज्यांचं निदान झालेलं आहे त्यांच्यासाठी ती बनवलेलीच नाही, त्यामुळे ‘मशीन लावल्यावर घड्याळ काय म्हणतं’ या आकड्याला अर्थ नाही. सीपॅपचं यंत्र रोज रात्री स्वतः मोजतं: किती तास लावलं, मास्कमधून हवा किती गळली आणि उरलेले अडथळे ताशी किती. फेरतपासणीला जाताना घड्याळ घरी राहिलं तरी चालेल, यंत्राचं कार्ड किंवा त्याच्या ॲपचा अहवाल मात्र न्या.